सायनाइडचा पडदा : एका अनुमापनाचा इतिहास

१/ १९३५ च्या सुमारास जर्मनीच्या आय. जी. फार्बेन या कंपनीत फर्डिनांड म्युन्ट्स या रसायनशास्त्रज्ञाने ईडीटीए हे संयुग तयार केले. कापड रंगवताना दुष्फेन पाण्यातील कॅल्शिअम अडसर ठरत असे. त्याला बांधून टाकणे हा हेतू होता.

२/ दहा वर्षांनी झुरिकमध्ये गेरोल्ड श्वार्त्सेनबाख यांनी याच संयुगाला मोजमापाचे साधन केले. ईडीटीएचा एक रेणू धातूचा एकच आयन पकडतो. किती द्रावण खर्ची पडले, यावरून धातू किती ते कळते. शेवटचा बिंदू दाखवणारा दर्शक एरिओक्रोम ब्लॅक टी. हाही मुळात लोकरीचा रंग! धातूला चिकटलेला असताना तो मद्यासारखा लाल, सुटला की निळा.

३/ ईडीटीएचा गुण हाच त्याचा दोष. तो बहुतेक सर्व धातूंना धरतो. मॅग्नेशिअम मोजायचे असेल आणि पाण्यात जस्त असेल, तर दोन्हींची बेरीज हाती येते. तांबे असल्यास आणखी वाईट: ते दर्शकाला इतके घट्ट धरते की ईडीटीए कितीही ओतले तरी लाल रंग हटत नाही.

४/ पूर्वी असा धातू अवक्षेप करून, गाळून वेगळा काढावा लागे. नव्या पद्धतीत तो द्रावणातच राहतो, फक्त झाकला जातो. या तंत्राच्या विकासात प्रागच्या रुडॉल्फ प्रशिबिल यांचे काम मोठे आहे.

५/ उदाहरण घेऊ. २५ मिली नमुन्यात मॅग्नेशिअम व जस्त आहे. अमोनियाच्या बफरने पीएच १० करून पोटॅशिअम सायनाइड घालतात. जस्त सायनाइडच्या ताब्यात जाते. मॅग्नेशिअमशी सायनाइडला देणेघेणे नाही. ०.०१ मोलर ईडीटीए १२ मिली पडताच रंग निळा होतो. म्हणजे मॅग्नेशिअम ०.१२ मिलिमोल, सुमारे २.९ मिलिग्रॅम.

६/ यापुढचा भाग सर्वांत देखणा. त्याच चंबूत फॉर्मल्डिहाइड घातले की ते सायनाइडला स्वतःकडे ओढते, जस्त मोकळे होते आणि निळे द्रावण पुन्हा लाल दिसू लागते. आणखी ८ मिली ईडीटीए लागले, तर जस्त ०.०८ मिलिमोल, सुमारे ५.२ मिलिग्रॅम. तांबे असते तर ते मात्र झाकलेलेच राहिले असते. त्याची सायनाइडवरील पकड फॉर्मल्डिहाइडला सोडवता येत नाही.

७/ क्रम चुकला तर सारे फसते. सायनाइड आम्लात पडले तर प्राणघातक हायड्रोजन सायनाइड वायू निघतो. म्हणून द्रावण आधी अल्कधर्मी करायचे, मगच ते घालायचे. लोहासाठी वापरतात त्या ट्रायइथॅनॉलअमाइनचा नियम नेमका उलटा: ते द्रावण आम्लयुक्त असतानाच घालावे लागते. उशीर झाला तर लोह तपकिरी हायड्रॉक्साइड होऊन आधीच खाली बसते आणि झाकायला उरत नाही.