परकीय उत्पन्नावरील विनिमय फरक आणि कर

परकीय चलनात मिळालेल्या उत्पन्नाचे रुपयांत रूपांतर करताना उत्पन्न ठरण्याचा दिवस आणि पैसे हाती पडण्याचा दिवस वेगळे असतात. या दोन दिवसांच्या दरांतील अंतराला विनिमय फरक म्हणतात. भारतातील निवासी व्यक्तीला जगभरातील उत्पन्नावर कर भरावा लागतो, म्हणून हा प्रश्न मुख्यतः तिच्यासमोर येतो. आखातात नोकरी करणारा, कायद्याच्या व्याख्येप्रमाणे अनिवासी ठरलेला शिराळ्याचा माणूस तिकडच्या पगारावर इथे कर देत नाही. त्याने घरी पाठवलेल्या पैशांना कमी-जास्त दर मिळाला, तरी त्यामुळे करपात्र उत्पन्न निर्माण होत नाही. मात्र शिराळ्यातच राहून परदेशी कंपनीचे काम करणाऱ्याचा प्रत्येक डॉलर इथे मोजला जातो.

कोणता दर घ्यायचा, हे 1962 च्या आयकर नियमांतील नियम 115 सांगतो. 1961 च्या कायद्याची जागा 2025 च्या आयकर अधिनियमाने 1 एप्रिल 2026 पासून घेतली आहे, परंतु 31 मार्च 2026 पर्यंतच्या उत्पन्नाचा हिशोब जुन्या कायद्यानेच होतो आणि येथील विवेचन त्यावर आधारलेले आहे. नियमातला दर म्हणजे भारतीय स्टेट बँकेचा टीटी खरेदी दर. बँक ग्राहकाकडून परकीय चलन तारेने घेते तेव्हा देते तो. वर्तमानपत्रातला किंवा इंटरनेटवर दिसणारा बाजारभाव, रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरचा संदर्भ दर किंवा नोटांचा खरेदी दर हे सारे वेगळे असतात.

दराचा दिवस उत्पन्नाच्या प्रकारावर ठरतो. पगारासाठी तो ज्या महिन्यात देय झाला त्याच्या आधीच्या महिन्याचा शेवटचा दिवस. लाभांशाला आणि भांडवली नफ्यालाही हीच पद्धत असून महिना अनुक्रमे लाभांश जाहीर, वितरित किंवा अदा होण्याचा आणि मालमत्ता विकण्याचा धरतात. व्यवसाय, घरभाडे आणि इतर बहुतेक उत्पन्नाला आर्थिक वर्षाचा शेवटचा दिवस म्हणजे 31 मार्च लागतो. या शेवटच्या गटाला एक सूट आहे. परकीय चलन कायद्याप्रमाणे पैसे 31 मार्चपूर्वी भारतात आले, तर नियमाचा दर लावावा लागत नाही, बँकेने प्रत्यक्ष दिलेले रुपये धरले जातात. पगाराला ही सूट नाही, आणि बहुतेकांची चूक इथेच होते.

शिराळ्यात घरून काम करणाऱ्या दोन जणांचे कल्पित उदाहरण घेऊ. दरही मानलेले आहेत. पहिला परदेशी कंपनीचा पगारदार असून त्याचा पगार 2,000 डॉलर आहे. जुलैचा पगार 31 जुलैला देय होतो. 30 जूनचा टीटी खरेदी दर 85.20 मानला, तर करपात्र पगार 1,70,400 रुपये. पैसे 5 ऑगस्टला आले आणि बँकेने 84.60 दराने 1,69,200 रुपये जमा केले, तरी पगार 1,70,400 च राहतो आणि 1,200 रुपयांचा तोटा पगारातून वजा होत नाही. पासबुकातल्या जमा रकमांची बेरीज करून विवरणपत्र भरणाऱ्याचा आकडा म्हणूनच जुळत नाही.

दुसरी व्यक्ती स्वतंत्रपणे संगणक प्रणाली लिहून देते आणि देय तत्त्वावर, म्हणजे पैसे हाती येण्याआधीच उत्पन्न धरून हिशोब ठेवते. तिने 10 फेब्रुवारीला 2,000 डॉलरचे बिल पाठवले. 31 मार्चला रक्कम येणे बाकी होती आणि त्या दिवशीचा दर 85 होता. त्या वर्षाचे उत्पन्न 1,70,000 रुपये झाले. 20 एप्रिलला पैसे 86.50 दराने आले, म्हणजे 1,73,000. वरचे 3,000 रुपये पुढच्या वर्षाचे व्यवसायाचे उत्पन्न ठरतात. दर 84 पर्यंत घसरला असता, तर 2,000 रुपये व्यवसायाचा तोटा म्हणून वजा मिळाले असते. हिशोब रोखीच्या तत्त्वावर असता, तर सगळे 1,73,000 रुपये पैसे मिळाल्याच्या वर्षी उत्पन्नात आले असते. मध्यस्थ बँकेने कापलेली फी हा खर्च आहे. ती दरात मिसळून उत्पन्नच कमी दाखवले, तर नंतर कशाची जुळणी कशाशी करावी हे कळत नाही.

एकच विनिमय फरक कधी करपात्र आणि कधी नाही, यामागचे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने सतलज कॉटन मिल्सच्या खटल्यात 1978 साली मांडले. पाकिस्तानी रुपयाचे अवमूल्यन झाल्यानंतर तिथला नफा भारतात आणताना कंपनीला तोटा झाला होता. न्यायालयाने निकष दिला तो असा, की परकीय चलन व्यापाराच्या चालू भांडवलाचा भाग म्हणून बाळगले असेल, तर त्याच्या वाढ-घटीतला फरक व्यापारी नफा किंवा तोटा. भांडवली मालमत्ता म्हणून बाळगले असेल, तर तो भांडवली. वरच्या बिलाची येणी चालू व्यवहारातील आहेत, म्हणून त्यावरचा फरक व्यवसायात गेला. पगारदाराने कर भरून उरलेले डॉलर परदेशी खात्यात बचत म्हणून ठेवले, तर ते व्यापाराचे चलन उरत नाही.

परदेशी समभागांत हा प्रश्न अधिक अवघड होतो. 1,000 डॉलरचे समभाग दर 70 असताना घेतले आणि दर 84 असताना 1,000 डॉलरलाच विकले असे मानू. डॉलरमध्ये नफा शून्य. खरेदीची किंमत तेव्हाच्या दराने आणि विक्रीची किंमत नियमाच्या दराने रुपयांत आणली, तर 14,000 रुपयांचा नफा दिसतो. आधी डॉलरमध्ये नफा काढून मग त्याचे रुपये केले, तर काहीच उरत नाही. निवासी व्यक्तीसाठी दोन्ही वाचनांच्या बाजूने युक्तिवाद होतो. अनिवासींना भारतीय कंपन्यांच्या समभागांवर नफा परकीय चलनातच मोजण्याची मुभा कायद्याने दिली होती, तशी स्पष्ट तरतूद निवासींसाठी नव्हती. जी पद्धत धराल, तिच्या बाजूने खरेदीच्या दिवसाचा पुरावा हवा आणि वर्षागणिक पद्धत बदलू नये.

परदेशात कापलेल्या कराचे श्रेय घेताना नियम 128 प्रमाणे आणखी एक तारीख येते. कर भरला किंवा कापला त्याच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा टीटी खरेदी दर लावायचा असतो. परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात मात्र कॅलेंडर वर्ष चालते. त्यामुळे एकाच खात्यासाठी दोन-तीन वेगळे दर कागदावर येतात आणि त्यात विसंगती नसते.

स्टेट बँक आपले दरपत्रक रोज बदलते, म्हणून मागच्या तारखेचा दर वर्षभराने शोधणे कठीण जाते. दर महिन्याच्या शेवटच्या कामकाजाच्या दिवशी पत्रक उतरवून ठेवावे. शेवटचा दिवस सुट्टीचा असेल, तर आदल्या कामकाजाच्या दिवसाचा दर घेण्याची प्रथा आहे. 31 मार्च 2024 रविवारी आला होता. पत्रकाबरोबर बिल किंवा पगारपत्रक, पैसे आल्याचा बँकेचा दाखला आणि कापलेल्या फीची नोंद ठेवावी, म्हणजे डॉलरचा आकडा, तारीख, दर आणि रुपये एका ओळीत वाचता येतात. समभागांच्या खरेदीचा दर ते विकेपर्यंत जपावा लागतो, मग त्याला 10 वर्षे लागोत की 20.