कॅसेटवरचा थाट्या

बुऱ्हाणपूरच्या उत्तरेला आणि पूर्वेला सातपुडा आहे, आणि त्या डोंगरात ढोल-बासरी वर्षभर कुठे ना कुठे वाजत असते. होळीच्या आधीच्या आठवड्यात बारेला आणि भिलाल्यांचे भगोरिया हाट भरतात. चैत्र-वैशाखात कोरकूंची थापटी असते, ज्येष्ठ-आषाढाच्या रात्री ढांढल. दिवाळी झाली की गुराख्यांचे नाच. शहरात राहणाऱ्या आम्हा मराठी माणसांना हे सगळं लांबून ऐकू येतं आणि आम्ही सगळ्याला एकच नाव देतो : आदिवासी नाच.

माझ्या काकांनी तेच केलं होतं. ते खकनार भागात शाळामास्तर होते. १९८०च्या दशकात त्यांनी घेतलेला बॅटरीवर चालणारा टेपरेकॉर्डर त्यांच्याबरोबर सायकलच्या कॅरियरवर फिरायचा. ते गेल्यानंतर त्यांच्या ट्रंकेत भजनांच्या कॅसेटांखाली एक कॅसेट निघाली. तिच्या पट्टीवर काकांच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं, "आदिवासी गाणे, बाजार". गाव नाही, महिना नाही, साल नाही. कॅसेट लावली तर सुरुवातीला काकांचा आवाज, "हां, चालू झालं". मग माणसांचा गलबला आणि त्यातून वर येणारा ढोल. ढोलामागे एक बासरी, श्वास भरलेली, एकाच छोट्या वळणावर पुन्हा पुन्हा येणारी. या सगळ्याच्या खाली घुंगरांचा एकसारखा छमछमाट. अधूनमधून एखादी लांब आरोळी आणि तिच्यापाठोपाठ गाण्याची एक-दोन पदं. शब्द कळत नाहीत.

हे कोणाचं गाणं? घरात पहिलं उत्तर थोरल्या चुलतभावाने दिलं. "भगोरिया. धूळकोटला मी स्वतः पाहिलाय. ढोल, बासरी, बाजार, अजून काय पाहिजे?" दादाचं म्हणणं अर्धं बरोबर होतं. भगोरियाही बाजारातच भरतो आणि त्यातही बासरी असते. पण भगोरियाच्या गर्दीत मोठमोठे मांदल एकावर एक वाजतात आणि त्यांच्यावरून थाळीचा टणटणीत आवाज सतत कापत जातो. ज्याने तो एकदा जवळून ऐकलाय त्याला तो विसरता येत नाही. आमच्या कॅसेटवर थाळी नाही. ढोलही एकच आहे. त्याच्या एका तोंडावर काठी पडते आणि दुसऱ्यावर हात, हे हेडफोन लावून ऐकलं की कळतं. दादाला हे पटलं नाही. तो म्हणाला, "थाळीवाला त्या दिवशी आला नसेल." हेही खरंच असू शकतं, म्हणून नुसत्या आवाजावर थांबता येत नव्हतं.

शेजारचे एक आजोबा नेपानगरच्या कागद कारखान्यातून निवृत्त झालेत. त्यांना आम्ही कॅसेट ऐकवली तर त्यांना वाटलं, आम्हाला एखाद्या कार्यक्रमासाठी नाचाचा संच हवा आहे. ते लगेच त्यांच्या निमाडातल्या गावच्या काठी नाचाबद्दल सांगू लागले. देवउठनी एकादशीपासून महाशिवरात्रीपर्यंत भगत गावोगाव फिरतात, अंगात लांब बाना, हातात सजवलेली काठी. त्यांचे आजोबा त्यात होते. प्रश्न आम्ही विचारला होता एक आणि उत्तर आलं भलतंच, पण त्या उत्तराने माझं एक गृहीतक मोडलं. दिवाळीनंतरचा हंगाम हा काही एकट्या डोंगरातल्या गुराख्यांचा नाही, काठीही त्याच दिवसांत निघते. मग फरक वाद्याचा. काठीत ढाक वाजते, डमरूच्या घराण्यातलं मोठं वाद्य, आणि तिचा आवाज ढोलासारखा भरीव नसतो. बासरी तिथे नसतेच. काठी बाजूला पडली, पण हंगाम एकटा पुरावा होत नाही हे कळलं.

आता कोरकू. खकनार-नेपानगरच्या डोंगरात कोरकू वस्ती मोठी, आणि काकांची शाळा कोरकू मुलांचीच. त्यांनी टेप केलं तर कोरकू गाणंच असणार, असं मला फार दिवस वाटत होतं. पण कोरकू नाचात बाया असतात. गादली सुसुन तर बायांच्याच रांगेचा. थापटीत मुलींच्या हातात चिटकोरे असतात आणि लाकडावर लाकूड आपटल्यासारखा त्यांचा कोरडा खट्-खट् ठेका ढोलकीला उत्तर देतो. पुरुषांचा पोशाख म्हणजे पांढरं धोतर, पागोटं, पागोट्यावर तुरा. घुंगरांचं ओझं त्यात नसतं. कॅसेटवर बाईचा एकही आवाज नाही, चिटकोरा नाही, आणि घुंगरू मात्र पहिल्या क्षणापासून शेवटच्यापर्यंत थांबत नाहीत. याचा अर्थ नाचणारे सगळे पुरुष, आणि घुंगरू त्यांच्या अंगावर बांधलेले.

हे मी आजीला सांगितलं तेव्हा तिने कॅसेट ऐकायलाही मागितली नाही. आजीचं माहेर धारणीचं, तिच्या वडिलांचं किराण्याचं दुकान बाजारपेठेत. ती म्हणाली, "हे थाट्ये. दिवाळी झाली की पहिल्या बाजाराला यायचे. दुकानापुढे गोल धरायचे. माझे बाबा आधी त्यांना गूळ आणि पैसे द्यायचे, मग गल्ल्यावर बसायचे. त्यांना रिकाम्या हाताने पाठवायचं नाही, वर्षभर गावची गुरं तेच सांभाळतात म्हणून." कपडे कसे असायचे विचारलं तर आजीने हाताने छातीवर आडव्या-तिडव्या रेघा काढून दाखवल्या : "कवड्या. कवड्यांचे पट्टे असे. आणि कमरेला, पायाला घुंगरू. आम्ही पोरी दारामागून बघायचो. त्यांच्यात बायका नसायच्या, बायका कडेला उभ्या."

धारणी-मेळघाटात आजही दिवाळीनंतरच्या आठवडी बाजारांना घुंगरू बाजार म्हणतात, आणि त्यांत नाचणारे थाट्या हे गोंड. वर्षभर कोरकूंची गुरं चारणारे हे लोक. सीमेच्या अलीकडेही, बैतूल-हरदा पट्ट्यात, गोंडांचा हाच नाच दिवाळीनंतर पाहायला मिळतो. म्हणजे कोरकू मुलखातलं गाणं, पण कोरकूंचं नव्हे. हा भेद पट्टीवर लिहिताना सहज पुसला जातो, कारण बाहेरचा माणूस बाजारात ऐकतो आणि बाजार ज्यांचा त्यांचंच गाणं समजतो.

तरी बासरीचा प्रश्न उरला. थाट्यांची बासरी, भुगडू, लांब असते. आणि लांब बासरी खालच्या स्वरात बोलते. कॅसेटवरची बासरी तर चांगलीच उंच, साध्या पाव्यासारखी वाजत होती. दादाने नेमकं हेच धरलं : "भुगडू असती तर असा बारीक आवाज आला असता का?"

याचं उत्तर काकांच्या आवाजात होतं. "हां, चालू झालं" हे ते ज्या आवाजात म्हणतात तो काकांचा नाही. काकांचा आवाज जाड होता, वर्गात छडीची गरज पडत नसे. कॅसेटवर ते पोरासारखे बारीक आणि घाईत बोलतात. टेपरेकॉर्डरची बॅटरी उतरत आलेली असली की रेकॉर्ड करताना फीत ठरलेल्या वेगापेक्षा हळू फिरते. कॅसेटचा ठरलेला वेग सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटरच्या आसपास. पुढे तीच फीत विजेवरच्या चांगल्या यंत्रात त्या पूर्ण वेगाने फिरली की सगळं वर चढतं, आवाज बारीक आणि ताल जलद. मी कॉम्प्युटरवर वेग हळूहळू कमी करत नेला. आजीने आणि काकूने काका ओळखले तिथे थांबलो. काकूच्या डोळ्यांत पाणी आलं. मग गाणं पुढे चालू दिलं, तर बासरी खाली उतरली होती, भारदस्त, फुंकेचा आवाज सुराइतकाच मोठा. ढोलही आता नाचणाऱ्या पायांच्या वजनाने पडत होता. आधी तो माणसांना नाचता येईल त्यापेक्षा जलद होता, हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं.

देडतलाईच्या बाजूला काकांचा एक जुना विद्यार्थी शेती करतो, कोरकू, आता तोही नातवंडांचा आजोबा. त्याला दुरुस्त केलेलं गाणं ऐकवलं. तो काही वेळ ऐकून म्हणाला, "हे आमचं नाही, मास्तरांच्या पोरा. आमच्या ढोराच्या मागं जाणाऱ्यांचं आहे. भुगडू आहे." काका हे कुठल्या बाजारात टेप करायला गेले असतील असं विचारलं, तर त्याला आठवेना. मास्तर धारणीला जायचे, तुकईथडलाही जायचे, एवढंच तो म्हणाला. मग तो स्वतःच्याच बोलण्यात रमला : जंगलात चराई बंद झाली, गुरं कमी झाली, आता गावात गुराखी ठेवायला परवडत नाही, त्याच्या घरी बैलजोडीऐवजी ट्रॅक्टर. मेळघाट १९७४ साली व्याघ्र प्रकल्प झाला, आणि त्या बाजूच्या चराईचा इतिहास तिथून वेगळा होतो. पण खकनारच्या गुराख्याचं काम नेमकं कशाने घटलं, हे त्याच्या एका बोलण्यावरून ठरवायची माझी तयारी नाही.

गाण्याचं स्वतःचं नाव मात्र त्यालाही माहीत नव्हतं. थाट्यांच्या नाचात गायीच्या पूजेला, दुकानापुढे आणि रस्त्याने चालताना वेगवेगळ्या चाली असतात का, आणि ही त्यांतली कोणती, हे फक्त थाट्याच सांगू शकेल. आरोळीनंतरची पदंही तोच उलगडू शकेल. दादा अजूनही म्हणतो, भगोरियाची शक्यता पूर्ण गेलेली नाही. माझ्या मते ती गेली. थाळी एखाद्या दिवशी नसू शकते, पण कवड्या-घुंगरांचे पुरुष, एकच ढोल, लांब बासरी, बाईचा एकही आवाज नाही आणि दिवाळीनंतरचा बाजार, हे सगळं एकाच वेळी जुळणं योगायोग नव्हे. हंगाम आणि पोशाख आजीच्या आठवणीतले आहेत, फितीवरचे नाहीत, हे मी पट्टीवर लिहून ठेवलंय, म्हणजे उद्या कोणाला शंका आली तर ती नेमकी कुठे घ्यायची ते कळेल.

आता पट्टीवर असं आहे : "थाट्या (गोंड) गुराख्यांचा नाच. एक ढोल, भुगडू, घुंगरू. दिवाळीनंतरचा बाजार, बहुधा धारणी किंवा तुकईथड. मूळ फीत हळू फिरलेली, वेग दुरुस्त केला." काकांची जुनी पट्टी मी काढली नाही, नवी तिच्याखाली चिकटवली.

नेपानगर, खकनार, धारणी, अकोट या भागात मास्तर, पटवारी, फॉरेस्ट गार्ड, दवाखान्यातले कंपाउंडर अशा कितीतरी माणसांनी त्या वर्षांत टेप केलंय. तुमच्या घरी अशी कॅसेट असेल तर ती कोणाकडून डिजिटल करून घेण्याआधी घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला ऐकवा. गाण्याचं नाव विचारू नका. कोणत्या सणानंतर, कोण नाचायचं, बायका होत्या का, अंगावर काय होतं, एवढंच विचारा, आणि सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून कॅसेटच्या डबीत ठेवा. आणि टेप करणाऱ्याचा बोलका आवाज सुरुवातीला असेल तर तो कापू नका.