आकडा आणि अपेक्षा : १० नोव्हेंबर २०२२

१० नोव्हेंबर २०२२ रोजी अमेरिकेतील ऑक्टोबर महिन्याचा ग्राहक किंमत निर्देशांक प्रसिद्ध झाला. महागाईचा वार्षिक दर ७.७ टक्के, म्हणजे मध्यवर्ती बँकेच्या २ टक्क्यांच्या उद्दिष्टाच्या जवळजवळ चौपट होता. तथापि त्याच दिवशी एस अँड पी ५०० हा शेअर-निर्देशांक सुमारे साडेपाच टक्क्यांनी चढला.

या विसंगतीचा उलगडा अपेक्षेत आहे. अर्थतज्ज्ञांचा अंदाज सुमारे ७.९ टक्के होता आणि बाजारभावांत तो आधीच सामावलेला होता. नवी बातमी होती ती केवळ दोन दशांशांच्या फरकाची. फेडरल रिझर्व्हने २ नोव्हेंबरला सलग चौथ्यांदा व्याजदर पाऊण टक्क्याने वाढविला होता. यापुढील वाढ सौम्य असेल, असे अनुमान आता निघाले.

जुन्या रोख्यावरील व्याज ठरलेले असते. म्हणून दर उतरण्याची आशा दिसताच त्याची किंमत वाढते. दहा वर्षांच्या सरकारी रोख्यांवरील परतावा सुमारे ४.१ वरून ३.८ टक्क्यांवर आला. भावी नफ्याचे आजचे मूल्य काढताना लावावयाचा दर घटल्याने शेअर वधारले, आणि व्याजाचे आकर्षण ओसरल्याने डॉलर घसरला.

डिसेंबरमध्ये वाढ खरोखरच अर्ध्या टक्क्याची झाली. परंतु सौम्य वाढ म्हणजे वाढीची समाप्ती नव्हे : जुलै २०२३ मध्ये दर ५.२५ ते ५.५० टक्क्यांवर पोहोचला. सारांश, त्या दिवसाचे भाव महागाईची पातळी सांगत नाहीत. अपेक्षा किती बदलली, एवढेच सांगतात. इतिहासकाराने आकड्याशेजारी आदल्या दिवशीचा अंदाजही नोंदविला पाहिजे.