अँकरची पुल-आउट टेस्ट: अहवालातला ‘पास’ नेमकं काय सांगतो?

इमारतीचं काँक्रीट आधीच तयार असतं. त्यात नंतर भोक पाडून सळई किंवा बोल्ट बसवला, तर त्याला ‘पोस्ट-इन्स्टॉल्ड अँकर’ म्हणतात. गच्चीवरचा सोलर पॅनेलचा सांगाडा, बाल्कनीचं रेलिंग किंवा छताला टांगलेले पाइप अनेकदा अशाच अँकरवर उभे असतात. अँकर नीट बसला आहे का, हे बाहेरून दिसत नाही. म्हणून त्याला जॅकने ओढून पाहतात. हीच पुल-आउट टेस्ट.

टेस्ट दोन प्रकारची

पहिली प्रूफ टेस्ट. यात अँकरवर प्रत्यक्षात येणाऱ्या भारापेक्षा थोडा जास्त भार लावून तो काही वेळ टिकतो का, ते पाहतात. अँकर तुटू द्यायचा नसतो, कारण तोच पुढे वापरायचा असतो. दुसरी अल्टिमेट टेस्ट. यात अँकर निकामी होईपर्यंत ओढतात, म्हणून ती वेगळ्या, न वापरायच्या अँकरवर करतात. काँक्रीटची माहिती नसेल, तर किती भार धरता येईल हे ठरवायला ही दुसरी टेस्ट लागते. म्हणून अहवाल हातात आल्यावर आधी पाहायचं, की टेस्ट यांतली कोणती.

एक उदाहरण

समजा, एका सांगाड्यासाठी १२ मिमी जाडीचे १२० केमिकल अँकर ११० मिमी खोल बसवले आहेत. प्रत्येकावर येणारा भार ८ किलोन्यूटन, म्हणजे साधारण ८०० किलो वजनाइतका. ‘बीएस ८५३९’ या ब्रिटिश मानकानुसार प्रूफ टेस्टमध्ये दीडपट भार लावतात, म्हणजे इथे १२ किलोन्यूटन. तपासायचे अँकर अडीच टक्के, पण किमान तीन. १२० मधले तीन निवडले.

दोन अँकरनी १२ किलोन्यूटन भार धरून ठेवला. डायल गेजवर लक्षात येण्याजोगी हालचाल नाही, जॅकचा दाबही उतरला नाही. हे दोन पास. तिसरा मात्र ७ किलोन्यूटनलाच सरकला आणि बाहेर आला.

अहवालात फक्त ‘फेल’ लिहून भागत नाही. अँकर कसा निकामी झाला, तेही लिहावं लागतं. सळई तुटली, तर स्टीलची ताकद संपली. सळईबरोबर काँक्रीटचा शंकूसारखा तुकडा निघाला, तर काँक्रीट आधी हरलं. इथे सळई रसायनासकट बाहेर आली आणि रसायनावर काँक्रीटची पूड चिकटलेली होती. याचा अर्थ भोक साफ केलेलं नव्हतं. हवा मारून, ब्रशने घासून पुन्हा हवा मारली नाही, तर रसायन काँक्रीटला न चिकटता धुळीला चिकटतं.

एक अँकर फेल झाल्यावर कारण शोधायचं आणि त्या भागात तपासणी दुप्पट करायची: पाच टक्के, किमान सहा. एकाहून जास्त फेल झाले, तर सगळे १२० तपासायचे. नापास अँकर गाळून त्याच्या जागी शेजारचा ओढला आणि ‘तीनपैकी तीन पास’ लिहिलं, तर अहवालाला अर्थच उरत नाही.

जॅकचे पाय कुठे होते?

काँक्रीटचा शंकू सुटतो, तेव्हा पृष्ठभागावर तो अँकरपासून खोलीच्या सुमारे दीडपट अंतरापर्यंत पसरतो. आपल्या उदाहरणात ते साधारण १६५ मिमी होतं. जॅकचे पाय त्याच्या आत टेकवले, तर तेच काँक्रीट दाबून धरतात आणि शंकू सुटतच नाही. मग टेस्टमध्ये रसायनाची पकड कळते, काँक्रीटची ताकद नाही. म्हणून मांडणीचा फोटो किंवा पायांचं अंतर अहवालात असायला हवं.

जे टेस्ट सांगू शकत नाही

१० जुलै २००६ रोजी अमेरिकेतल्या बोस्टन शहरात एका बोगद्याच्या छताखाली टांगलेले काँक्रीटचे पॅनेल एका मोटारीवर कोसळले. त्यांचं वजन वीस टनांहून अधिक होतं. मोटारीतल्या एका महिलेचा मृत्यू झाला. पॅनेल इपॉक्सीने बसवलेल्या अँकरवर टांगलेले होते आणि या अँकरची बसवल्यानंतर प्रूफ टेस्ट झालेली होती.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासात कारण निघालं ते ‘क्रीप’. म्हणजे सतत भार असताना रसायन हळूहळू ताणलं जाणं. वापरलेलं झटपट घट्ट होणारं इपॉक्सी थोडा वेळ भार धरू शकत होतं, पण कायमचा टांगता भार त्याला पेलत नव्हता. काही मिनिटांच्या टेस्टमध्ये ही हळू चाल दिसणं शक्यच नव्हतं.

म्हणून प्रूफ टेस्टमधल्या ‘पास’चा अर्थ एवढाच: तपासलेला अँकर त्या दिवशी, तेवढा वेळ, तेवढ्या भाराला टिकला. भार कायमचा आणि डोक्यावर टांगलेला असेल, तर दीर्घकाळच्या भारासाठी त्या रसायनाला मान्यता आहे का, हे उत्पादनाच्या तांत्रिक मूल्यांकनाच्या कागदात पाहावं लागतं. साइटवरच्या अहवालात ते मिळत नाही.