भरणा-पोच

ग्राहकाची रक्कम मिळाल्यावर आभार मानून ती कोणत्या बिलापोटी जमा केली व बाकी किती उरली, हे कळवणारे पत्र. भारतीय करार कायदा, १८७२ (कलमे ५९ ते ६१) यानुसार रक्कम कोणत्या देण्यापोटी आहे हे सांगण्याचा पहिला हक्क देणाऱ्याचा. त्याने न सांगितल्यास घेणारा ठरवतो. दोघेही गप्प राहिल्यास जुने देणे आधी फिटते.

समजा, पेडणे तालुक्यातील धारगळच्या सुताराची दरवाज्यांचे ४०,००० व नंतरचे खिडक्यांचे २५,००० रुपये अशी दोन बिले आहेत. ग्राहकाने काही न सांगता ५०,००० पाठवले. सुतार लिहितो : ‘५०,००० रुपये मिळाले, आभारी आहे. दरवाज्यांचे बिल फिटले. १०,००० खिडक्यांपोटी जमा केले. बाकी १५,०००.’ नुसते ‘हिशेब मिटला’ लिहिल्यास उरलेली बाकी मागताना तेच पत्र आड येते.