‘वात’ रशियात जातो तेव्हा

वैद्यकाचे वा योगाचे शब्द परभाषेत नेताना ते जसेच्या तसे न्यावेत, की त्यांचा अर्थ द्यावा, हा प्रश्न वरवर पाहता केवळ पंडितांचा वाटतो. परंतु पुण्याचे योगशिक्षक आणि वैद्य यांच्याकडे रशियन विद्यार्थी शिकावयास येऊ लागल्यापासून तो वर्गात वाटावयाच्या साध्या टिपणांचा प्रश्न झाला आहे. श्री. बी. के. एस. अय्यंगार १९८९ साली मॉस्कोस योगपरिषदेला गेले, आणि त्यांचा ग्रंथ पुढे रशियन भाषेतही आला. तथापि या प्रश्नाची सुरुवात त्याहून बरीच जुनी आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी ‘योगी रामचारक’ या नावाने लिहिणाऱ्या ॲटकिन्सन नावाच्या अमेरिकन गृहस्थाची पुस्तके रशियात वाचली जात. मॉस्कोचे थोर नाट्यशिक्षक स्तानिस्लावस्की यांनी त्यांतून ‘प्राण’ हा शब्द उचलला आणि नटांना शिकविताना तो वापरला. सोव्हिएत अमदानीत असा शब्द छापणे सोयीचे नव्हते, म्हणून त्याच्या जागी ‘ऊर्जा’ आली. वाक्य सोपे झाले खरे. पण शब्दाचे मूळ कोठले, हे पुढच्या वाचकास कळण्याचा मार्ग बंद झाला. केवळ अर्थ दिल्याने काय हरवते, याचे हे उदाहरण होय.

आता उलट बाजू पाहू. शब्द जसाच्या तसा नेला म्हणजे काम भागते काय? आमचा ‘वात’ घ्या. रशियन लिपीत तो ‘वाता’ असा लिहिला जातो, आणि त्या भाषेत ‘वाता’ म्हणजे कापूस, औषधाच्या दुकानात मिळतो तो! ‘वातशामक आहार’ याचे सरळ भाषांतर केले, तर वाचणाऱ्याच्या मनात ‘कापसाला शांत करणारे जेवण’ असे काहीतरी उभे राहते. गंमत अशी, की आमच्याही घरी देवापुढची वात कापसाचीच असते. पण देवळ्याच्या कोणत्याही आजीबाई ‘तो वात’ आणि ‘ती वात’ यांत गल्लत करीत नाहीत, कारण लिंगाने आम्हांस वाट दाखविली आहे. रशियनमध्ये आकारान्त झाल्याने दोन्ही शब्द स्त्रीलिंगीच होतात, आणि ती वाट बुजते.

मग ‘वारा’ असा अर्थ द्यावा काय? तसे केल्यास वाचक पोटातल्या वाऱ्यापलीकडे जात नाही. पित्तास रशियन ‘पित्तरस’ आणि कफास ‘शेंबूड’ म्हटले, की शास्त्रातले तीन दोष शरीरातले तीन स्राव होऊन बसतात. आयुर्वेदात वात हा हालचालीचा, पित्त हा पचनाचा आणि कफ हा बांधून धरण्याचा कारक मानला आहे. तेव्हा येथे मधला मार्गच बरा: ‘वात-दोष’ असा जोडशब्द लिहावा, आणि प्रथम येईल तेथे एका वाक्यात ही व्याख्या द्यावी. जोडशब्दाचा आणखी एक लाभ आहे. रशियन भाषेत नामाचे शेवट विभक्तीप्रमाणे बदलतात. जोडशब्दात ते ‘दोष’ या भागाचे बदलतात आणि ‘वाता’ अविकृत राहतो.

दुसरी अडचण महाप्राण वर्णांची. रशियनांना ‘ध’ नाही. त्यांनी बुद्धाचा ‘बुद्दा’ आणि गांधींचा ‘गान्दी’ केला, त्याने काही बिघडले नाही. पण त्याच सवयीने योगातला ‘बंध’ लिहिला, तर ‘बान्दा’ होतो, आणि बान्दा म्हणजे गुंडांची टोळी. म्हणून तेथे ‘द’ नंतर ‘ख’सारखा उच्चारला जाणारा वर्ण घालून ‘बान्दखा’ लिहितात. ऐकावयास ओबडधोबड, पण गैरसमज नाही.

आसनांच्या नावांबाबत अय्यंगारांच्या १९६६ च्या इंग्रजी ग्रंथाची पद्धत आम्हांस ग्राह्य वाटते. त्यात संस्कृत नाव तसेच ठेवून त्याच्या घटकशब्दांचा अर्थ सांगितला आहे व नंतर कृती दिली आहे. मॉस्कोत शिकलेला मनुष्य पुण्याच्या वर्गात आला, तर ‘त्रिकोणासन’ ऐकताच पाय फाकून उभा राहतो. केवळ रशियन नाव शिकला असता तर शेजाऱ्याकडे पाहत राहिला असता. कृतीची वाक्ये मात्र शुद्ध रशियनच हवीत. हळदीस तेथे ‘कुर्कुमा’ हे रूढ नाव आहे, साजूक तुपाजवळचे ‘कढवलेले लोणी’ही स्वयंपाकघरात आहे. तेथे संस्कृताचा आग्रह धरणे म्हणजे बाजारात गिऱ्हाइकाला रिकाम्या हाताने परत पाठविणे होय.

टिपण नीट उतरले की नाही, याची परीक्षा सोपी आहे. ज्याने यातले काही ऐकलेले नाही अशा रशियन मनुष्यास ते वाचावयास द्यावे, कागद मिटावा, आणि ‘आता आपल्या शब्दांत सांगा’ म्हणावे. तो कापसाविषयी बोलू लागला, तर चूक कोठे आहे ते समजले.