शंकर की शङ्कर?

आजोबांच्या सहीत ‘शङ्कर’ आणि दारावरच्या पाटीवर ‘शंकर’ असे आढळले, तर चूक कोणाची म्हणावयाची? कोणाचीच नव्हे!

‘शम्’ म्हणजे कल्याण; ते करणारा तो शंकर. येथे ‘शम्’ हे स्वतंत्र पद आहे. पदाच्या अंती आलेल्या अनुस्वाराच्या जागी पुढील वर्गातले अनुनासिक लिहिणे पाणिनीने ऐच्छिक ठेविले आहे. म्हणून संस्कृतातच दोन्ही रूपे शुद्ध. ‘संजय-सञ्जय’ यांचेही तसेच. ‘चन्द्र’, ‘गङ्गा’ यांत मात्र अनुनासिक शब्दाच्या पोटात आहे. तेथे संस्कृत व्याकरण जोडाक्षरच मागते.

मराठीने ही अट सैल केली. साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी अनुस्वार ही सामान्य रीत ठरविली आणि संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या शब्दांपुरती जोडाक्षराची मुभा ठेविली. म्हणून ‘चंद्रकांत’ चालतो, ‘चन्द्रकान्त’ही चालतो, पण आपल्या ‘धोंडू’चा ‘धोण्डू’ करण्याचे कारण नाही.

‘मन्मथ’ला मात्र ही सवलत नाही. पुढे ‘म’ असल्याने ‘मंमथ’ लिहिले, तर वाचणारा ‘मम्मथ’ म्हणेल, आणि मदनाचे नावच बदलेल!